७७ पैकी ४६ घरांना पहाटेची बस हवी, मग अर्जात "साठ टक्के" लिहू का?

पहिली_पाळी | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. गाव जांबोटी रस्त्याच्या आतल्या बाजूला. पहिली पाळी सातला सुरू होते आणि आमच्याकडची पहिली बस पिरनवाडीला पोचेपर्यंत सव्वासात होतात. आम्ही चार गावांतली पोरं मिळून पहाटे साडेपाचच्या बससाठी अर्ज द्यायलोय. मागच्या वेळी अर्ज तोंडी बोलण्यावरच परत आला, "किती लोकांना पाहिजे ते आकड्यात आणा" म्हणाले. म्हणून यंदा फॉर्म काढले.

चार गावांत मिळून पंचायतीच्या घरपट्टी रजिस्टरप्रमाणे ६१२ घरं आहेत. प्रत्येक गावात ३० असे १२० फॉर्म वाटले. ८४ परत आले. त्यात बसचा प्रश्न सात जणांनी कोराच सोडलाय. बाकी ७७ मध्ये ४६ "हवी", ३१ "नको किंवा गरज नाही".

आता माझी अडचण. ४६ ला ७७ ने भागलं तर ५९.७ टक्के येतात. ८४ ने भागलं तर ५४.८. आमचा एक मित्र म्हणतो वाटले तेवढ्यांनी भागायचं, म्हणजे ३८.३. तीन आकडे, तीन अर्ज होतील. शिवाय कुणीतरी सांगितलं की नुसते टक्के लिहू नका, "प्लस-मायनस" पण लिहा. ते कसं काढतात? आणि १२० फॉर्म कमी पडले का? किती घरं घेतली असती तर बरं झालं असतं?

कडोली_शिवार | रविवार, रात्री ९:४५

दादा, एवढं डोकं लावू नकोस. दहा टक्के नमुना पुरतो, हा सरळ नियम आहे. ६१२ चे दहा टक्के ६१. तुझ्याकडे ७७ आहेत, म्हणजे जास्तच झाले. बिनधास्त साठ टक्के लिही. आम्ही भाताच्या वाणाचा सर्व्हे असाच केला होता, कुणी काही विचारलं नाही.

तिकीट_पंच | रविवार, रात्री १०:०५

मी बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून रिटायर झालोय, म्हणून सांगतो. टक्के कोण बघतंय तिकडं? फेरी सुरू केली तर गाडीत किती माणसं बसणार आणि किती पैसे जमा होणार, एवढंच बघतात. साठ टक्के घरांना बस "हवी" असते रे बाळा, बस कुणाला नको असते? माझ्या एका फेरीला गावानं शंभर सह्या दिल्या होत्या. पहिल्या सोमवारी गाडीत नऊ माणसं. तिसऱ्या महिन्यात फेरी बंद.

जुनी_पाटी | रविवार, रात्री ११:२०

मी बेळगावात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. प्रश्न चांगला मांडला आहे, कारण मोजलेले आकडे सगळे दिले आहेत. नाहीतर लोक फक्त टक्के सांगतात आणि मग काहीच करता येत नाही.

आधी कशाने भागायचं ते बघू. ज्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं तेच या प्रश्नाचे भागीदार. म्हणून ७७. कोऱ्या सात जणांना "नको" मध्ये ढकलायचा अधिकार आपल्याला नाही, आणि ८४ ने भागलं की आपण नेमकं तेच करतो. १२० ने भागताना तर ज्यांचा फॉर्मच आला नाही अशा ३६ घरांनाही आपण "नको" म्हणायला लावतो. पण ४३ घरांचं मत आपल्याला माहीत नाही, हे अर्जात वेगळ्या ओळीत लिहायलाच हवं. ती ओळ टाळू नका, तिच्याकडे मी नंतर येतो.

आता प्लस-मायनस. चार गावांतून दुसरी ७७ घरं निवडली असती तर ४६ च्या जागी ४१ किंवा ५० "हवी" आले असते. निवडीतल्या या नशिबाचा आवाका किती, एवढंच कॉन्फिडन्स इंटरव्हल सांगतो. शाळेत शिकवतात तो हिशोब असा: प्रमाण ०.५९७, उरलेलं ०.४०३. दोघांचा गुणाकार ०.२४०५. त्याला ७७ ने भागा आणि वर्गमूळ घ्या, ०.०५५९ येतं. त्याला १.९६ ने गुणलं की ०.११. म्हणजे साडेएकोणसाठ-साठ टक्के, अधिक-उणे ११. पट्टा ४८.८ पासून ७०.७ पर्यंत.

खालची कड नीट बघा. ती पन्नासच्या खाली आहे. तुमच्या ७७ घरांवरून "निम्म्याहून जास्त घरांना बस हवी" एवढंसुद्धा ठामपणे म्हणता येत नाही. "साठ टक्के" हा आकडा खोटा नाही, पण एकटा लिहिला तर तो आहे त्याहून पक्का वाटतो.

पहिली_पाळी | रविवार, रात्री ११:४१

सर, हे वाचून पोटात गोळा आला. आम्हाला वाटलं होतं साठ म्हणजे चांगलंच बहुमत.

कडोली_शिवार | सोमवार, सकाळी ७:३०

सर, एक शंका. तुमच्या हिशोबात ६१२ कुठंच आलं नाही. सहाशे घरांतली ७७ आणि सहा लाखांतली ७७ सारखीच कशी? मला हे पटत नाही.

जुनी_पाटी | सोमवार, सकाळी ९:१५

तुमची शंका अर्धी बरोबर आहे, आणि ती अर्धी महत्त्वाची आहे. ६१२ पैकी ७७ घरं म्हणजे बऱ्यापैकी वाटा झाला. उरलेली घरं ५३५. ५३५ ला ६११ ने भागून वर्गमूळ घेतलं की ०.९३६ येतं, आणि ११ च्या प्लस-मायनसला त्याने गुणायचं. ते १०.२५ होतं. पट्टा ४९.५ ते ७०.० झाला. थोडा आवळला, पण पन्नास अजूनही आतच.

दहा टक्क्यांचा नियम मात्र खरा नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पातेलं घरचं असो की लग्नातली डेग, दोन-चार शितं दाबली की कळतं. डेग मोठी म्हणून कुणी ओंजळभर शितं काढत नाही. प्लस-मायनस ठरतो तो काढलेल्या शितांच्या संख्येवर, पातेल्याच्या आकारावर फार थोडा. सगळं बेळगाव शहर घेतलं तरी अधिक-उणे पाचसाठी ३८५ घरं लागतात. ६१ घरांचं गाव असेल आणि दहा टक्के म्हणून सहा घरं विचारली, तर त्यातून काय कळणार?

फक्त एक अट: भात ढवळलेला पाहिजे. वरचीच शितं दाबली तर तळाचा करपलेला कळत नाही. म्हणून @पहिली_पाळी, आता मला हे सांगा, फॉर्म वाटले कसे? आणि गाववार आकडे आहेत का?

पहिली_पाळी | सोमवार, संध्याकाळी ७:५०

आहेत सर. तीन गावांत शाळेतल्या पोरांच्या हातून घरी पाठवले. चौथ्या गावात शाळा नाही, पोरं शेजारच्या गावात जातात. तिथं दूध संकलन केंद्रावर सकाळी वाटले.

दूधवाल्या गावात ३० पैकी २४ उत्तरं, त्यात २२ "हवी". बाकी तीन गावांत ९० पैकी ५३ उत्तरं, त्यात २४ "हवी". दूधवालं गाव लहान आहे, ९६ घरं. बाकीची तीन साधारण सारखीच, प्रत्येकी १७२ च्या आसपास.

हुक्केरीची_ताई | सोमवार, रात्री ८:३०

मी आशा कार्यकर्ती आहे. धागा बसचा आहे, पण मला माझं विचारायचंय, राग मानू नका. पावसाळ्यात आम्ही घरोघर पाण्याची भांडी, टाक्या तपासतो, डासांच्या अळ्या आहेत का बघायला. एका वस्तीत मी ४० घरं बघितली, एकाही घरात अळी नाही. मी शून्य टक्के लिहिलं. आता सरांचा हिशोब लावला तर शून्य गुणिले काहीही शून्यच, म्हणजे प्लस-मायनस पण शून्य. मग माझा आकडा शंभर टक्के पक्का का? वस्तीत दीडशेच्या वर घरं आहेत हो, मला खात्री वाटत नाही.

जुनी_पाटी | सोमवार, रात्री १०:४०

ताई, राग कसला? तुम्ही विचारलंत त्यानेच मला पुढचं सांगायला वाट मिळाली.

शाळेतला हिशोब मधल्या प्रमाणांना ठीक चालतो. उत्तर एका टोकाला गेलं किंवा घरं थोडी असली की तो बिघडतो, आणि बिघडलेला डोळ्यांना दिसतो. दूधवाल्या गावाचं बघा: २४ पैकी २२, म्हणजे ९१.७ टक्के. जुन्या रीतीने पट्टा येतो ८०.६ ते १०२.७. शंभराच्या वर टक्के घरांना बस कशी हवी असेल? आणि ताईंच्या चाळीस घरांत तीच रीत "शून्य ते शून्य" सांगते, जणू उरलेली सगळी घरं आपण डोळ्यांनी बघून आलो.

एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये यावर उपाय दिला. हिशोब थोडा लांब आहे, पण शीटमध्ये दोन ओळींत बसतो. B2 मध्ये "हो" म्हणणारी घरं, B3 मध्ये उत्तर दिलेली एकूण घरं:

```
=(B2+1.9208)/(B3+3.8416)
=1.96/(B3+3.8416)*SQRT(B2*(B3-B2)/B3+0.9604)
```

पहिली ओळ पट्ट्याचा मध्य देते, दुसरी त्याच्या दोन्ही बाजूंना किती जायचं ते. आत काय चाललंय ते सांगतो. साधारण दोन "हो" आणि दोन "नाही" अशी चार कल्पित घरं मोजणीत मिसळल्यासारखं होतं. त्यामुळे मध्य पन्नासकडे जरा सरकतो, आणि पट्टा कधीच शून्याखाली किंवा शंभराच्या वर जात नाही.

२४ पैकी २२ ला आता ७४.२ ते ९७.७ येतं. ताईंच्या ४० पैकी शून्याला येतं शून्य ते ८.८ टक्के. म्हणजे ताई, तुम्ही लिहा: "४० घरं तपासली, एकातही अळी आढळली नाही." वस्तीतल्या शंभरातल्या आठ घरांत अळी असूनही तुमच्या चाळिसांत एकही न येणं शक्य आहे. तोंडी हिशोब हवा असेल तर तीनला घरांच्या संख्येने भागा. तीन भागिले चाळीस, साडेसात टक्के. फार लांब जात नाही.

हुक्केरीची_ताई | सोमवार, रात्री ११:०२

म्हणजे मला वाटत होतं ते बरोबरच होतं. उद्या उरलेल्या घरांत पण जाते.

जुनी_पाटी | मंगळवार, सकाळी ६:५५

आता बसकडे. रात्री झोप लागेना, कारण गाववार आकडे बघून मला खरा दोष दिसला.

दूधवाल्या गावात ९२ टक्के, बाकी तिन्हींत मिळून ४५ टक्के. एवढा फरक नशिबाने पडत नाही. दूध घालायला पहाटे केंद्रावर आलेल्या माणसाला तुम्ही विचारलंत, "पहाटे बस हवी का?" तो माणूस आधीच पहाटे उठणारा, आणि बहुधा त्याच्या घरचं कुणीतरी दूध, भाजी किंवा कामासाठी बेळगावला जाणारं. जो उशिरा उठतो, ज्याच्या गोठ्यात जनावर नाही, तो तुमच्या हाती लागलाच नाही.

त्यातही ते गाव आहे ६१२ पैकी ९६ घरांचं, म्हणजे सोळा टक्के. तुमच्या ७७ उत्तरांत मात्र ते एकतीस टक्के भरतं. प्रत्येक गावात सारखेच तीस फॉर्म वाटल्याने लहान गाव दुपटीने बोललं. ही चूक कागदावर दुरुस्त करता येते. ९६ घरांना ९१.७ चं वजन द्या, ५१६ घरांना ४५.३ चं, आणि बेरीज ६१२ ने भागा. उत्तर ५२.६ येतं. पट्टा सुमारे ४१ ते ६४.

तुमचे साठ टक्के असे साडेबावन्न झाले. मत कुणी बदललं नाही. आपण फक्त मोजणी सरळ केली.

दूध केंद्रावर वाटल्याची चूक मात्र कागदावर दुरुस्त होत नाही. तिथे न आलेल्यांचं उत्तर आपल्याकडे नाही, मग वजन कशाला देणार?

कडोली_शिवार | मंगळवार, सकाळी ८:१०

सर, मग पट्टा तरी का काढायचा? नमुनाच वाकडा असेल तर ४१ ते ६४ लिहिणं म्हणजे वाकड्या फळीला रंधा मारणं. मला तर हे जास्त फसवं वाटतं. वाचणाऱ्याला वाटेल केवढा शास्त्रशुद्ध हिशोब आहे.

जुनी_पाटी | मंगळवार, सकाळी १०:३०

तुमचं म्हणणं मी गंभीरपणे घेतो. पट्टा हा फक्त निवडीतल्या नशिबाचा हिशोब आहे. निवड चिठ्ठ्या टाकून झाली नसेल तर त्या हिशोबाचा पायाच डळमळतो. तरी मी पट्टा लिहीन आणि त्याखाली फॉर्म कसे वाटले तेही लिहीन. नुसता एक आकडा लिहिला तर वाचणारा त्याहून जास्त विश्वास ठेवतो. माझ्या एका सहकाऱ्याचं मत मात्र तुमच्यासारखंच होतं. अशा वेळी फक्त मोजणी द्यावी, पट्टा देऊ नये, असं ते म्हणत. आमचं कधी एकमत झालं नाही.

न आलेल्या उत्तरांसाठी माझ्याकडे एकच प्रामाणिक हिशोब आहे. ४३ घरं गप्प आहेत. ती सगळी "नको" म्हणाली असती तर १२० पैकी ४६, म्हणजे ३८.३. सगळी "हवी" म्हणाली असती तर ८९, म्हणजे ७४.२. यात काहीही गृहीत धरलेलं नाही. म्हणून हा पट्टा इतका रुंद आहे.

फॉर्मची संख्या वाढवून असली चूक जात नाही, हे आपल्याच भागातल्या एका माणसाने फार सुंदर दाखवलं आहे. पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे. पीक कापणीच्या प्रयोगात शेतात अगदी छोटा चौकोन किंवा वर्तुळ आखून त्यातलं पीक तोलत. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा लहान घेतला की एकरी उत्पन्न फुगून येतं. हद्दीवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी वेळ आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे जातो, आणि लहान तुकड्यात हद्दच जास्त असते. असे हजार तुकडे कापा, पट्टा बारीक होत जाईल, पण चुकीच्या आकड्याभोवती.

तिकीट_पंच | मंगळवार, दुपारी १:१५

सरांचं सगळं कळलं नाही, पण ते रोपाचं कळलं. आमच्याकडं गर्दी मोजायला माणूस यायचा तो बाजाराच्या दिवशीच यायचा.

पण माझं म्हणणं राहिलंच. "हवी" विचारू नका. "मागच्या आठवड्यात तुमच्या घरातलं कोण किती दिवस सातच्या आत बेळगावला गेलं?" हे विचारा. माणूस पुढं काय करणार ते गोड सांगतो, मागं काय केलं ते खरं सांगतो.

पहिली_पाळी | मंगळवार, रात्री ८:२०

काका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. परत सर्व्हे करायचं ठरवलंय. सर, या वेळी किती घरं?

जुनी_पाटी | मंगळवार, रात्री १०:००

काका म्हणतात तो प्रश्न घाला. तो माझ्या सगळ्या हिशोबापेक्षा मोलाचा आहे.

घरांची संख्या किती हे ठरवण्याआधी किती प्लस-मायनस चालेल ते ठरवा. प्रमाण माहीत नसेल तर पन्नास धरायचं, कारण तिथे सगळ्यात जास्त घरं लागतात. मग कमी पडण्याची भीती नाही. अधिक-उणे पाच हवे असतील तर:

```
=1.96^2*0.25/0.05^2
=B1/(1+(B1-1)/612)
```

पहिल्या ओळीचं उत्तर ३८४.१६ येतं, ते B1 मध्ये ठेवा. दुसरी ओळ २३६.२५ देते. घर अर्धं विचारता येत नाही, म्हणून नेहमी वरचा आकडा, २३७. इथे ६१२ चा उपयोग झाला बघा, @कडोली_शिवार. नाहीतर ३८५ लागले असते.

अधिक-उणे दहावर भागवायचं तर शंभराच्या आतच काम होतं, पण ते करू नका. खरं प्रमाण साठ असलं तरी शंभर घरांच्या सर्व्हेत खालची कड जवळजवळ निम्म्या वेळा पन्नासच्या खाली जाईल. एवढी पायपीट करून नाणं उडवल्यासारखं व्हायला नको.

आणि २३७ म्हणजे हाती आलेली उत्तरं, वाटलेले फॉर्म नव्हेत. मागच्या वेळी १२० फॉर्मांमागे ७७ उत्तरं आली, म्हणजे ६४ टक्के. त्याच रीतीने गेलात तर ३७० फॉर्म वाटावे लागतील, आणि इतकं करूनही गप्प राहणारे कोण हे कळणार नाही. त्यापेक्षा २४० च्या आसपास घरं चिठ्ठीने निवडा, स्वतः दारात जा, कुलूप असेल तर वेगळ्या वेळी तीनदा जा. शेजारच्या उघड्या घरात विचारून भरती करू नका. उघडं घर आणि बंद घर एकसारखी नसतात, पहाटे कामाला जाणाऱ्यांची तर नाहीतच.

यादी घरपट्टी रजिस्टरचीच घ्या. मतदार यादीत गोव्याला गेलेली माणसं असतात आणि एकाच घरची सहा नावं असतात. मोठं घर मग सहापट निवडलं जातं.

पहिली_पाळी | बुधवार, सकाळी ६:१०

पीडीओ साहेबांकडून रजिस्टरची प्रत मागतो. घरांच्या प्रमाणात दूधवाल्या गावात ३८ आणि बाकी तिन्हींत ६७-६७, एकूण २३९. घर नंबरच्या चिठ्ठ्या टाकून काढतो.

पहिली_पाळी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

झालं. पाच जण होतो, पाळी सुटल्यावर आणि रविवारी. २३९ पैकी २२१ घरांत उत्तर मिळालं. उरलेल्या १८ पैकी अकरा घरांना कायमचं कुलूप, माणसं गोव्यात कामाला. सात जण तिन्ही वेळा भेटले नाहीत.

"पहाटे बस हवी": २२१ पैकी १२१. म्हणजे ५४.८ टक्के. सरांच्या शीटवर पट्टा आला ४८.२ ते ६१.२. साधी रीत घेऊन ६१२ ची दुरुस्ती लावली तर ४९.५ ते ६०.०. पन्नास अजून आतच आहे, सर. खरं सांगतो, आधी फार वाईट वाटलं.

पण काकांचा प्रश्न: "मागच्या आठवड्यात घरातलं कुणीतरी पाच किंवा जास्त दिवस सातच्या आत बेळगावच्या बाजूला गेलं": २२१ पैकी ५८ घरं, २६.२ टक्के. तीच दुरुस्ती लावून पट्टा २१.६ ते ३०.९. त्याला ६१२ ने गुणलं तर १३२ ते १८९ घरं. हे मी बरोबर केलं का?

जुनी_पाटी | रविवार, रात्री १०:१५

बरोबर केलंत. अर्धाच टक्का राहिला म्हणून "निम्म्याहून जास्त" लिहायचा मोह होईल, लिहू नका. "साधारण निम्मी घरं" लिहा.

दुसरा आकडा मात्र घट्ट आहे. उत्तर न मिळालेल्या १८ घरांत कुणीही जाणारं नाही असं धरलं तरी २३९ पैकी ५८, म्हणजे २४.३ टक्के. कुलूपबंद घरातून कुणी बसला येणार नाही, तेव्हा तुमच्या कामासाठी हाच आकडा जास्त योग्य ठरेल. मी असतो तर पट्ट्याची खालची कडच पुढे ठेवली असती.

कडोली_शिवार | रविवार, रात्री १०:४०

पण २६ टक्के वाचून साहेब म्हणेल, चौथा हिस्साच आहे, राहू द्या. पहिल्या अर्जातले साठ टक्के कानाला बरे वाटत होते.

तिकीट_पंच | रविवार, रात्री ११:००

टक्के लिहूच नका रे. "चार गावांतून रोज सव्वाशेहून जास्त घरांतली माणसं सातच्या आत निघतात" असं लिहा. एका घरातून एक जरी धरला तरी पन्नास सीटच्या दोन गाड्या भरून उरतात. आता ती कशानं जातात तेवढं सांगा. टमटमनं जात असतील तर बसला येतील, स्वतःची बाईक असेल तर नाही येणार. ते विचारलंत का?

पहिली_पाळी | रविवार, रात्री ११:१२

विचारलंय काका, फॉर्मच्या मागच्या बाजूला. ५८ पैकी ३७ घरं टमटम किंवा दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून. २१ स्वतःच्या बाईकवर.

जुनी_पाटी | रविवार, रात्री ११:३५

मग ५८ चे ३७ नको, २२१ चे ३७ घ्या. चिठ्ठीत निघालेल्या घरांपैकी उत्तर दिलं ते २२१ घरांनी. १६.७ टक्के येतील. पट्टा तुम्ही काढा, मी सकाळी ताडून बघतो.

पहिली_पाळी | सोमवार, पहाटे ५:०५

६१२ च्या दुरुस्तीसकट १२.८ ते २०.७. घरांत ७८ ते १२७. अर्जात लिहिलंय: "किमान ७५ घरांतली माणसं आठवड्याचे पाच दिवस टमटमने किंवा दुसऱ्याच्या गाडीवर सातच्या आत जातात." खाली २३९ घरं कशी निवडली आणि १८ का राहिली ते लिहिलंय. आता पिरनवाडीपर्यंत टमटम बघतो, आज अर्ज देऊनच पाळीला जाणार होतो, पण कार्यालय दहाला उघडतं. दुपारच्या सुट्टीत जातो.